भोंग्याचं साल

रुपचंद आबांना माणसाचं वय कधी ओळखता आलं नाही. शेजारी नव्याने राहायला आलेल्या तिशीतल्या सुनेला त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "तुमची मुलं कुठल्या कॉलेजात शिकतात?" तिचं पोर तेव्हा पाळण्यात होतं. त्या दिवसापासून ती अंगणात रांगोळी काढताना आबांच्या घराकडे पाठ करून बसायची.

ग्रामोफोनचं मात्र तसं नव्हतं. समोर ठेवला की आबा आधी भोंगा पाहायचे, मग सुईपासून भोंग्यापर्यंत जाणारी नळी, मग पेटी उघडून आतली मोटार, आणि शेवटी तबकडीवरचं लेबल. एवढं पाहून झालं की ते घसा खाकरायचे आणि साल सांगायचे. पाच-सात वर्षांपलीकडे चूक नाही. धुळ्यापासून जळगावपर्यंत ही विद्या असलेला दुसरा माणूस नव्हता. अर्थात, ही विद्या हवी असलेली माणसंही फारशी नव्हती, त्यामुळे स्पर्धा अशी झालीच नाही.

टेलिफोन खात्यात खांबांवर चढून तारा जोडण्यात त्यांची नोकरी गेली. धुळ्याच्या देवपुरात दोन खोल्यांचं घर बांधलं आणि निवृत्त झाले. स्वभाव इतका बुजरा की भाजीवाल्याने वांगी किडकी दिली तरी ती बदलून मागायचं धाडस होत नसे. घरी येऊन ते कुंदाबाईंना म्हणायचे, "कीड म्हणजे फवारणी केलेली नाही. आरोग्याला चांगली."

असा माणूस एकदाच चारचौघांत उभा राहून बोलला आणि तेच पुढे त्याला भोवलं.

जळगावात जुन्या वस्तू जमवणाऱ्यांचं एक छोटं मंडळ आहे. किरण चौधरी त्याचे चिटणीस. त्यांचं चष्म्याचं दुकान आहे आणि छंद पोस्टाच्या तिकिटांचा. दर हिवाळ्यात मंडळ एका वाचनालयाच्या दालनात प्रदर्शन भरवतं. नाणी, अडकित्ते, कंदील, कॅमेरे, ग्रामोफोन. प्रत्येक वस्तूपुढे एक कार्ड असतं. त्यावर मालकाचं नाव आणि वस्तूचं साल. पूर्वी हे साल मालक सांगेल ते असायचं आणि दरवर्षी वस्तू दहा-वीस वर्षांनी जुन्या होत चालल्या होत्या. एका ग्रामोफोनचं साल तर असं पडलं होतं की तेव्हा जगात ग्रामोफोन जन्मायचा होता.

तेव्हा मंडळाच्या सभेत रुपचंद आबा उठले. तोंडातून निघालं ते ठणठणीत निघालं.

"पेटी उघडल्याशिवाय साल द्यायचं नाही. सगळ्यांसमोर उघडायची. मग मालक कुणीही असो."

टाळ्या पडल्या. नियम झाला. ग्रामोफोनचं साल ठरवायचं काम आबांकडेच आलं. घरी आल्यावर त्यांनी ते भाषण कुंदाबाईंना पुन्हा करून दाखवलं. दुसऱ्या दिवशी परत एकदा. "मालक कुणीही असो" हे वाक्य म्हणताना ते बोट वर करायचे. कुंदाबाई लसूण सोलत ऐकायच्या आणि बोटाकडे न पाहता म्हणायच्या, "हं."

त्या नियमाखाली पहिल्या सापडल्या धरणगावच्या सुनंदाबाई.

सुनंदाबाई म्हणजे साठी ओलांडलेली, शाळेत मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली, खणखणीत आवाजाची बाई. गेल्या वर्षी त्यांनी सासरचा ग्रामोफोन आणला होता. मोठा पितळी भोंगा, कमळासारख्या पाकळ्यांचा. "आमच्या आजेसासऱ्यांचा," त्या म्हणाल्या. "एकोणीसशे पाच सालचा."

आबांनी भोंग्यावरून बोट फिरवलं. "पत्रा पातळ आहे," ते हळूच म्हणाले. "पाकळ्यांच्या सांध्यांवर कथलाचा डाग दिल्याच्या गुठळ्या आहेत. जुन्या कारागिराचा सांधा हाताला लागत नाही."

"हात खरखरीत असेल तुमचा."

आबांनी घसा खाकरला. समोरचा माणूस चिडला की ते त्याच्याशी बोलायचे नाहीत, यंत्राशी बोलायचे. "भोंग्याच्या काळातल्या यंत्राची नळी सुईपाशी बारीक असते आणि भोंग्याकडे जाता जाता रुंद होते. ही सगळीकडे सारखी आहे, वर चकचकीत मुलामा, आणि हंसाच्या मानेसारखी वाकलेली. ही सूटकेससारख्या पेटीतल्या ग्रामोफोनची. पोर्टेबल म्हणतात त्याची. आणि भोंगा ज्यावर बसतो तो हा कोपर बघा. केवढा जाडजूड! अस्सल कोपर सडपातळ असतो."

मग पेटी उघडली. आत छोटी, एका स्प्रिंगची मोटार, तीही पोर्टेबल पेटीतलीच. सुई धरणाऱ्या डबीत पातळ ॲल्युमिनियमचा पडदा निघाला. भोंग्याच्या काळात तिथे अभ्रकाचा असायचा. चावी आडवी सरळ आत जायला हवी, ती तिरपी जात होती, कारण मोटारच तशी होती.

"मोटार एकोणीसशे तीसनंतरची," आबा मोटारीला म्हणाले. "भोंगा आणि पेटी फार तर चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची. मुंबईत असे जोडून विकायचे. अजून विकतात."

"म्हणजे आमचे आजेसासरे खोटे?"

"ते खरे असतील. भोंगा खोटा आहे."

दालनात कुणीतरी फिसकन हसलं. सुनंदाबाईंनी भोंगा काढून काखेत मारला, दुसऱ्या हातात पेटी घेतली आणि काही न बोलता गेल्या. त्या न बोलता गेल्या, हे पाहून किरण चौधरी घाबरले. पण आबांना त्या दिवशी घरी जाताना गोड वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्यापुढे गप्प बसलं होतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आबांच्या स्वतःच्या घरीही एक भोंग्याचा ग्रामोफोन होता.

तो त्यांच्या आजोबांचा. आजोबा पिंपळनेरला राहायचे. सुटीत आबा तिकडे जायचे तेव्हा संध्याकाळी ओट्यावर यंत्र लागायचं, आणि लहानगा रुपचंद भोंग्यात डोकं घालून आत माणूस शोधायचा. पितळेत स्वतःचं तोंड दिसायचं, लांबट, मोठ्या नाकाचं. हे त्यांना स्वच्छ आठवायचं. आजोबा गेले, बरीच वर्षं यंत्र काकांकडे राहिलं आणि आबांचं लग्न ठरलं त्या सुमाराला वडिलांनी ते धुळ्याला आणलं. "आजोबांची वस्तू आहे," वडील म्हणाले. "वर्षात एकदा वंगणाचे चार थेंब सोड. पण पेटी उघडायची नाही."

आबांनी उघडली नाही. लोकांच्या पेट्या उघडायचा छंद लागल्यावरसुद्धा नाही. वडिलांचा शब्द म्हणून, असं ते स्वतःला सांगायचे.

पण आबांना डोळे होते. आपल्या भोंग्याचा कोपर जाडजूड आहे, हे त्यांना रोज दिसायचं. त्यावर त्यांनी मनाशी ठरवलं होतं की आजोबांनी तो मुद्दाम मजबूत बनवून घेतला असणार, पिंपळनेरच्या वाऱ्यासाठी. नळी हंसाच्या मानेची होती. ती नंतर कधीतरी दुरुस्तीत बदलली असणार. चावी तिरपी जात होती. ती बहुधा जमीन उतरती असल्यामुळे तशी वाटत असावी. दुसऱ्याच्या यंत्रात यातली एक खूण दिसली तरी आबा निकाल द्यायचे. स्वतःच्या यंत्रात तिन्ही होत्या आणि तिन्हींसाठी त्यांच्याकडे वकील तयार होता.

यंदा किरण चौधरींचा फोन आला. "आबा, या वेळी दाराशी तुमचा ग्रामोफोन ठेवायचा. मंडळाची शान! साल काय लिहू?"

"एकोणीसशे आठ," आबा म्हणाले आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ फोनकडेच पाहत बसले.

कुंदाबाईंना हे कळलं तेव्हा त्यांच्या हातातलं लाटणं थांबलं. घरात त्या अहिराणीच बोलायच्या. "कसाले लई जातस ते? घरमाच बरं शे."

"मंडळाने मागितलंय."

"मंडळले सांगा, भोंगाले पडसं व्हयेल शे."

"कुंदा, चेष्टा नको. आजोबांचं नाव लागणार आहे दाराशी. पिंपळनेरचा साधा माणूस, त्याचं नाव जळगावात लागणार!"

हे म्हणताना आबांचा आवाज जरा कापला. कुंदाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि लाटणं पुन्हा फिरवलं. फक्त एवढंच म्हणाल्या, "मीबी येस." चाळीसहून जास्त वर्षांच्या संसारात त्या एकाही प्रदर्शनाला आल्या नव्हत्या. आबांना वाटलं, बायकोला शेवटी आपल्या विद्येची किंमत कळली.

भाड्याच्या गाडीत पेटी मागे ठेवली आणि भोंगा कुंदाबाईंच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून आबांनी मांडीवर घेतला. पारोळ्याला चहाला थांबले तर टपरीवाला म्हणाला, "आबा, लगीनना बँड का?"

"ग्रामोफोन आहे," आबा ताठ बसत म्हणाले. "एकोणीसशे आठचा."

कुंदाबाईंना चहा पिता पिता ठसका लागला.

दालनात गेल्यावर आबांनी यंत्र जोडलं. दारातच, पांढऱ्या चादरीच्या टेबलावर. भोंग्यात अख्खं दालन उलटं दिसत होतं. पुढे सुबक छापलेलं कार्ड: आजोबांचं नाव, पिंपळनेर, १९०८. आबांनी ते सरळ केलं, मग किंचित तिरकं केलं, मग पुन्हा सरळ केलं.

तेवढ्यात मागून आवाज आला. "नमस्कार, आबा."

सुनंदाबाई होत्या. काखेत तोच भोंगा, हातात एक चौकोनी पिशवी, मागे पेटी उचलून आणणारा रिक्षावाला. "यंदा यंत्राचं साल नको मला," त्या म्हणाल्या. "यंदा दुसरं काहीतरी आणलंय. गेल्या वर्षी तुम्ही घालवून दिलंत ना, घरी जाऊन सगळा माळा पालथा घातला. म्हटलं, खरं असं काहीतरी असेलच."

पिशवीतून त्यांनी एक तबकडी काढली. आबांनी ती दोन्ही तळहातांनी कडेने धरली आणि खिडकीकडे नेली.

लेबलवर नेहमीचा, भोंग्यापुढे बसलेला कुत्रा नव्हता. कुत्र्याच्या जागी एक पंखवाला देवदूत बसला होता, लेखणीने तबकडीवर लिहीत. आबांनी तबकडी उलटली. मागच्या बाजूला गाणं नव्हतंच. गुळगुळीत पाठ आणि मधोमध तोच देवदूत, कोरलेला. लेबलच्या कडेला बारीक अक्षरात हॅनोव्हर शहराचं नाव.

आबा घसा खाकरायचं विसरले. "एका बाजूची. देवदूताची. जर्मनीत छापलेली. कलकत्त्याला कारखाना एकोणीसशे आठला निघाला, त्याआधी आपल्याकडची गाणी तिकडे छापून जहाजाने यायची. बाई, ही आठच्या आधीची. एकोणीसशे दोन ते आठच्या मधली. माझ्या हातात आजवर अशी आलेली नाही."

"खरी?"

"खरी. शंभर टक्के."

सुनंदाबाईंनी डोळ्यांना पदर लावला, पण क्षणभरच. लगेच त्यांची मुख्याध्यापिका झाली. "बरं. आता तुमच्या तबकड्या बघू."

आबांच्या खोक्यात बारा-पंधरा तबकड्या होत्या. सुनंदाबाईंनी एकेक काढून लेबलं पाहायला सुरुवात केली. "कुत्रा. कुत्रा. हाही कुत्रा. दोन्ही बाजूंना गाणी. आबा, गेल्या वर्षी पेट्या उघडताना तुम्हीच सगळ्यांना सांगत होतात, देवदूत जाऊन कुत्रा आला तो पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला. बरोबर?"

"बरोबर."

"आणि ही बारीक खूण, लेबलच्या बाहेर, तबकडीतच खरवडलेला त्रिकोण. हा काय?"

"विजेच्या मायक्रोफोनने ध्वनिमुद्रण केल्याची खूण," आबा म्हणाले. विद्या विचारली की त्यांना राहवत नसे. "एकोणीसशे पंचवीसनंतरची. त्याआधी गायक भोंग्यातच तोंड घालून गायचे. ही तबकडी तर पस्तीस-चाळीसची असेल. ती खालची पन्नासची."

"म्हणजे यंत्र एकोणीसशे आठचं आणि सगळ्यात जुनी तबकडी पस्तीसची," सुनंदाबाई म्हणाल्या. "मग मधली सत्तावीस वर्षं तुमच्या आजोबांनी भोंग्यात घातलं काय? दाणे ठेवले होते का ज्वारीचे?"

लोक जमू लागले. आबा म्हणाले, "जुन्या तबकड्या फुटल्या असतील. लाखेच्या असतात. पडली की टिकत नाही."

"सगळ्या? एकही देवदूत वाचला नाही? मग उघडा पेटी."

"वडिलांनी सांगितलंय..."

"किरणभाऊ," सुनंदाबाईंनी चिटणीसांकडे वळून विचारलं, "नियम काय आहे मंडळाचा? शब्दशः सांगा."

किरण चौधरींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. आबांकडे न पाहता ते पुटपुटले, "पेटी उघडल्याशिवाय साल द्यायचं नाही. सगळ्यांसमोर उघडायची. मग..."

"मग?"

"मालक कुणीही असो."

हे म्हणताना किरणभाऊंचं बोट आपोआप वर गेलं. आबांनीच त्यांना तसं शिकवलं होतं.

आबांनी मदतीसाठी कुंदाबाईंकडे पाहिलं. त्या भिंतीकडच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी मान हलवली. नाही, असं नव्हे. होय, असंही नव्हे. चुलीवरचं दूध उतू जाताना बायका हलवतात तशी.

आबांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. तो त्यांच्या खिशात नेहमीच असायचा, इतरांच्या पेट्यांसाठी. पेटीच्या वरच्या फळीचे चार स्क्रू त्यांनी सोडवायला घेतले. पहिला स्क्रू निघाला तोच त्यांना कळलं. शंभर वर्षांच्या स्क्रूच्या खाचेत काळा मळ बसलेला असतो. याच्या खाचेतला जस्ताचा मुलामा अजून लकाकत होता.

फळी उचलली. आत छोटी, एका स्प्रिंगची मोटार. पोर्टेबल पेटीतली. तिला मूळच्या पेटीतली एक, तबकडी आपोआप थांबवणाऱ्या ब्रेकची दांडी होती, आता कशालाच न जोडलेली. ती हवेत उभी होती, बस चुकलेल्या माणसासारखी. फळीची खालची बाजू नव्या सागाची, कच्च्या रंगाची, आणि तिच्यावर सुताराने पेन्सिलीने मारलेल्या रेघा.

आबांनी सवयीने तोंड उघडलं. मोटारीशी बोलायला. "मोटार एकोणीसशे तीसनंतरची," ते म्हणाले. "भोंगा आणि पेटी..." इथे आवाज बंद पडला.

"फार तर चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची," सुनंदाबाईंनी वाक्य पुरं केलं. पण त्यांच्या आवाजात जे यायला हवं होतं ते आलं नाही. आबांचं तोंड पाहून त्यांना वर्षभर राखून ठेवलेला आनंद घेता येईना. त्या जरा चिडूनच म्हणाल्या, "अहो, बसा आधी."

आबा बसले. आयुष्यात त्यांनी दोनच गोष्टी ठामपणे सांगितल्या होत्या. एक, पेटी उघडल्याशिवाय साल नाही. दुसरी, हा भोंगा आजोबांचा. त्यांतल्या पहिलीने दुसरी खाल्ली होती.

"मी पाहिलाय हा भोंगा," ते कुणालाच उद्देशून नाही असे म्हणाले. "पिंपळनेरला. आत तोंड दिसायचं माझं. हे कसं खोटं असेल? मग आजोबा तरी..."

"ते तोंड लगीननंतरनं शे," कुंदाबाई म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे वळले. कुंदाबाई उठून टेबलाजवळ आल्या. इतक्या लोकांपुढे बोलायची त्यांनाही सवय नव्हती, पण सवय नसली म्हणून अडून बसणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. अहिराणीवरून त्या मराठीवर आल्या, जळगावकरांची सोय म्हणून.

"लग्न झालं तेव्हा घरात आरसा एकच होता आणि तो मी माझ्या पेटीत ठेवला होता. तर हे वर्षभर या भोंग्यात पाहून दाढी करायचे. रोज गालावर कापायचं. पिंपळनेरला कुठला भोंगा? तिथे काळी पेटी होती, बंद केली की सूटकेस. माझ्या भावाने स्थळ पाहायला गेल्यावर काकांकडे डोळ्यांनी पाहिलेली. त्यातून गाणं ऐकून आला होता तो."

"मग हा?" किरण चौधरींनी विचारलं.

"सासऱ्यांनी बोलणीत सांगून टाकलं, आमच्याकडे भोंग्याचा ग्रामोफोन आहे. माझे वडील म्हणत होते ना, पोरगा खांबावर चढतो, घरात काय आहे? तर सासरे बोलून बसले. भाऊ घरी येऊन म्हणाला, भोंगा तर दिसला नाही. सासऱ्यांच्या कानावर गेलं. मग ती काळी पेटी घेऊन मुंबईला गेले आणि हा भोंगा बसवून आणला. लग्नाच्या तारखेच्या आधी आठवडाभर. मंडपात ठेवला होता. आमच्याकडच्या बायका नवऱ्यामुलाला सोडून त्यालाच पाहत होत्या."

"तुला कसं कळलं?" आबांनी विचारलं.

"पहिल्या दिवशी मलाच पुसायला दिला. आतून भुसा पडला. सांध्याचा डाग बोटाला लागला. सासरे बघत होते. म्हणाले, बेटा, पोराला सांगू नको, त्याला वाटतं आजोबांचा आहे. सांगितलं नाही."

"एवढी वर्षं?"

"तुम्ही मला भोंगे कसे ओळखायचे ते शिकवत होतात," कुंदाबाई म्हणाल्या. "मी म्हटलं, शिकवू दे."

आधी सुनंदाबाई हसल्या. गेल्या वर्षी दालनात फिसकन हसणारं जे कुणी होतं, त्याहून मोठ्याने. मग किरणभाऊ हसले. आबांना आधी रडू आलं की हसू, ते त्यांना नीट सांगता येत नाही. दोन्ही एकाच वेळी निघालं आणि त्याचा आवाज चावी संपत आलेल्या ग्रामोफोनसारखा झाला.

मग ते उठले. मोटारीवर वाकले. हात आपोआप कामाला लागले. हंसाच्या मानेची नळी पाहिली, तिचा मुलामा जिथे सुई बदलताना अंगठा लागतो तिथे घासून गेलेला. ॲल्युमिनियमच्या पडद्याची डबी कानाशी धरून टिचकी मारली. मोटारीच्या कडेला जुनं, तपकिरी झालेलं वंगण नखाने खरवडलं.

"कुंदा," ते म्हणाले, "ती काळी पेटी काकांकडे होती ना? तिच्यातलंच हे सगळं आतलं?"

"तीच मोडली ना सासऱ्यांनी. दुसरी कुठून आणतील?"

"म्हणजे मोटार आजोबांचीच." आबांचा आवाज परत आला, थोडा फाटका, पण आला. "नळी आजोबांची. डबी आजोबांची. तबकड्या पस्तीसपासून साठपर्यंतच्या, आजोबांच्याच. सगळं एकमेकांशी जुळतं! तबकड्यांनी कधीच खोटं सांगितलं नव्हतं. मीच भोंग्याचं ऐकत होतो." मग जरा वेळाने: "ज्याचं तोंड मोठं, त्याचंच आपण ऐकतो."

"तुमच्या वडिलांवर गेला वाटतं हा भोंगा," सुनंदाबाई म्हणाल्या.

आबांनी छापलेलं कार्ड उलटं केलं आणि कोऱ्या बाजूला पेनाने लिहायला बसले. अक्षर वेडंवाकडं आलं. किरणभाऊंनी खांद्यावरून वाचलं:

मोटार, नळी, डबी: १९३० नंतर, आजोबांची, पिंपळनेर. तबकड्या: १९३५ ते १९६०. पेटी आणि भोंगा: वैशाख १९७७.

"आबा, असं कसं?" किरणभाऊ म्हणाले. "सगळीकडे तुम्ही पाच-सात वर्षांची सूट ठेवता. भोंग्याचा थेट महिनाच?"

"आमच्या लग्नाचा महिना आहे तो. आणि साक्षीदार आहे," आबा म्हणाले. "भोंग्यातून तिनेच भुसा काढलाय."

मग त्यांनी सुनंदाबाईंचा ग्रामोफोन मागितला. गेल्या वर्षी त्याचं कार्ड झालंच नव्हतं. दोन्ही यंत्रं दाराशी शेजारी शेजारी ठेवली तेव्हा सगळ्यांनाच दिसलं. तोच जाडजूड कोपर. तशाच पाकळ्या. तशाच गुठळ्या. दोघांच्या पेटीच्या खालच्या पट्टीला एकाच जागी एकच वाकडा खिळा. एका कारखान्यातली भावंडं.

"तुमचा कुणी आणला?" आबांनी विचारलं. गेल्या वर्षी त्यांनी हे विचारलंच नव्हतं.

सुनंदाबाईंनी आपल्या भोंग्याची एक पाकळी पदराने पुसली. "सासूबाई सांगायच्या, सासरे एकदा मुंबईला गेले आणि परत आल्यावर महिनाभर चेहरा पाडून होते. कशासाठी गेले ते कधी सांगितलं नाही. बहुतेक त्यांनीही कुठेतरी काहीतरी बोलून ठेवलं असणार."

"तेच लिहू," आबा म्हणाले.

"तेच लिहा."

संध्याकाळी सुनंदाबाईंची देवदूताची तबकडी लावायचं ठरलं. आबांच्या यंत्रावर, कारण सुनंदाबाईंच्या यंत्राची स्प्रिंग गेली होती. आबांनी नवी सुई लावली आणि वेग जरा कमी केला. त्या काळच्या तबकड्या ठरावीक वेगाच्या नसायच्या, कानाने जुळवावं लागतं. आधी नुसती खरखर आली, खान्देशातल्या वाऱ्यासारखी. तिच्या खालून एका बाईचा आवाज आला, फार लांबून, पण ठणठणीत. गाणं संपल्यावर ती बाई काहीतरी बोलली. तेव्हा गायक शेवटी आपलं नाव सांगायचे, तिकडे जर्मनीत तबकड्यांची सरमिसळ होऊ नये म्हणून. तिचं नाव मात्र खरखरीने खाल्लं. तीन वेळा लावून पाहिलं, कळलं नाही.

"नाव नाही तर नाही," सुनंदाबाई म्हणाल्या. "साल तर आहे."

दोन दिवस लोक येत राहिले. दाराशी दोन भोंगे पाहून थांबायचे, मागे उभं राहून फोटो काढायचे, भोंग्यात तोंड घालायचे. कार्ड कुणीही वाचलं नाही. एका गृहस्थाने तर बायकोला सांगितलं, "बघ, शंभर वर्षांपूर्वीचा! अशी वस्तू आता होणार नाही." आबा शेजारीच उभे होते. त्यांनी घसा खाकरला. पण तोवर ते दोघे अडकित्त्यांकडे गेले होते.

परतीच्या गाडीत भोंगा पुन्हा लुगड्यात गुंडाळून आबांच्या मांडीवर होता. एरंडोल गेल्यावर त्यांनी लुगडं जरासं बाजूला केलं आणि आत पाहिलं. लांबट तोंड, मोठं नाक, गालावर पांढरे खुंट.

"दाढी वाढलीये," ते म्हणाले.

"आरसा घ्या आता," कुंदाबाई म्हणाल्या. "नाहीतर परत गाल कापतीन."